मी न घेतलेल्या सबस्क्रिप्शनचे पैसे कापल्याबाबत आणि बँकेत दाखल केलेल्या डिस्प्यूटबाबत

दिनांक: १४ मे

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: माझ्या क्रेडिट कार्डावरून ३ मार्च, ३ एप्रिल आणि ३ मे रोजी मासिक सबस्क्रिप्शनपोटी कापलेली रक्कम

महोदय / महोदया,

तुमच्या स्ट्रीमिंग सेवेवर माझे खाते नाही आणि कधी नव्हते. तरीही गेले तीन महिने, दर महिन्याच्या ३ तारखेला, तुमची कंपनी माझ्या कार्डावरून पैसे कापते आहे. ६ मे रोजी मी स्टेटमेंटमधली एकेक ओळ पाहत होते, तेव्हा एका ओळीवर बोट थांबले. कंपनीच्या नावाचे तुटक लघुरूप आणि शेजारी आकडे, एवढेच तिथे होते. मागची दोन स्टेटमेंट उघडली, तर तीच ओळ, तीच रक्कम. रक्कम लहान होती, म्हणून दोन महिने नजरेतून सुटली.

आधी मी घरातच शोध घेतला. मुलाला विचारले, नवऱ्याला विचारले. दोघांपैकी कोणीही माझे कार्ड तुमच्याकडे वापरलेले नाही. माझ्या दोन्ही ईमेल पत्त्यांवर तुमच्या कंपनीचे नाव टाकून शोधले, मग कार्डाचे शेवटचे चार आकडे टाकून शोधले. स्वागताची मेल नाही, मोफत ट्रायलची नाही, पैसे मिळाल्याची पावतीही नाही. मोबाइलच्या अ‍ॅप स्टोअरमधली सबस्क्रिप्शनची यादी पाहिली, तिथेही काही नाही. तसेही स्टोअरमार्फत पैसे गेले असते, तर स्टेटमेंटवर स्टोअरचे नाव आले असते. इथे थेट तुमचे आहे. याचा एकच अर्थ मला लागतो: दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्याच ईमेलने उघडलेल्या खात्याला माझे कार्ड जोडलेले आहे.

हेच मी तुमच्या मदत विभागाला कळवले. ६ मे रोजी तक्रार नोंदवली. तिकीट क्रमांकाची आपोआप येणारी मेल आली, त्यानंतर काही नाही. ९ मे रोजी त्याच तिकिटावर स्मरणपत्र पाठवले, तेही अनुत्तरित राहिले. १२ मे रोजी चॅटवर गेले, तर नोंदणीकृत ईमेल टाकल्याशिवाय संभाषण पुढे सरकेना. माझा ईमेल टाकला की उत्तर यायचे, ‘या ईमेलने कोणतेही खाते नाही.’ अहो, माझी तक्रार तीच तर आहे! खाते माझे नाही म्हणून मी तक्रार करते, आणि खाते नाही म्हणून तक्रार घेतली जात नाही. ज्याचे कार्ड वापरले गेले पण जो तुमचा ग्राहकच नाही, त्याने जायचे कुठे? तुमच्या संकेतस्थळावर मला अशा माणसासाठी एकही दार सापडले नाही. कार्डाचे शेवटचे चार आकडे, व्यवहाराची तारीख आणि रक्कम एवढ्यावरून तुमच्या पेमेंट विभागाला तो व्यवहार शोधता यायला हवा. चॅटवर मी तिन्ही गोष्टी लिहिल्या होत्या. कोणी वाचल्याच नाहीत.

म्हणून १३ मे रोजी मी बँकेत तिन्ही व्यवहारांवर डिस्प्यूट दाखल केला आहे. त्यात मी नेमके काय लिहून दिले, हे तुम्हाला माहीत असावे, कारण बँकेमार्फत तुम्हाला त्यालाच उत्तर द्यायचे आहे.

फोनवरच्या अधिकाऱ्यांनी विचारले, “मॅडम, सबस्क्रिप्शन घेतले होते आणि रद्द करूनही पैसे गेले, की मुळात घेतलेच नव्हते?” कार्ड नेटवर्कच्या नियमांत या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे. पहिल्या प्रकारात ग्राहकाने कधी आणि कसे रद्द केले, ते दाखवावे लागते. मी तसे लिहून दिले असते तर तुम्ही रद्द केल्याचा पुरावा मागितला असता, आणि जे खाते माझे नाही ते मी रद्द तरी कसे करणार? शिवाय एकदा ‘रद्द केले’ म्हटले की आधी घेतले होते, हे मी आपणहून कबूल केल्यासारखे झाले असते. ते खरे नाही. त्यामुळे मी दुसरा प्रकार निवडला: हे व्यवहार माझ्या परवानगीशिवाय झाले आहेत.

यासाठी मला कार्ड बंद करावे लागले. या कार्डावर वीजबिल, विमा आणि फोनचे पैसे आपोआप जात होते. आता ते सगळे नव्याने जोडत बसले आहे.

आणि कार्ड बदलले म्हणून तुमची वसुली थांबेलच असे नाही, हेही मला बँकेतच कळले. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्हींकडे कार्डाचे नवे तपशील व्यापाऱ्याला आपोआप पोहोचवणारी सेवा आहे. कार्ड बदलल्यावर ग्राहकाची नियमित बिले अडू नयेत, म्हणून ती केलेली आहे. पण तिच्याच वाटेने नको असलेली वसुलीही नव्या कार्डावर येऊ शकते. म्हणून मी बँकेला दोन गोष्टी वेगळ्या लिहून दिल्या: नव्या कार्डाचे तपशील या सेवेमार्फत तुमच्याकडे जाऊ नयेत, आणि तुमच्या नावाने येणारी पुढची मागणी नाकारावी. तुमच्या बाजूने साठवलेले कार्ड काढणे मात्र तुमच्याच हातात आहे.

मुदतीचेही सांगते. अशा तक्रारीसाठी व्यवहारापासून साधारण १२० दिवस मिळतात. ३ मार्चच्या व्यवहाराचे ते दिवस १ जुलैला संपतात. तुमच्या उत्तराची वाट पाहत बसले असते, तर पहिल्या महिन्याचे पैसे हातचे गेले असते. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. जुने, तक्रार न झालेले व्यवहार व्यापाऱ्याला पुरावा म्हणून पुढे करता येतात: याच कार्डावरून, याच उपकरणावरून आधीही पैसे गेले आणि तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे ग्राहक तोच. म्हणून तीनपैकी एकही व्यवहार मी बिनहरकतीचा सोडलेला नाही.

बँकेने तिन्ही रकमा तात्पुरत्या जमा केल्या आहेत. तुम्ही डिस्प्यूटला विरोध केलात आणि तो ग्राह्य धरला गेला, तर त्या परत काढून घेतल्या जातील. विरोध करणार असाल, तर ते खाते कोणत्या उपकरणावरून, कोणत्या आयपी पत्त्यावरून उघडले आणि चालवले, त्याची नोंद बँकेला द्या. ती माझ्याशी जुळणार नाही, याची मला खात्री आहे.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी लेखी हव्या आहेत. माझे कार्ड ज्या खात्याला जोडले आहे, त्यातून ते काढल्याची तारीख. यापुढे त्या कार्डाच्या किंवा त्याच्या बदली कार्डाच्या आधारे मागणी पाठवणार नाही, असे आश्वासन. आणि ६ मेच्या तिकिटाला कोणी हात का लावला नाही, याचे कारण. त्या खातेदाराचे नाव-गाव मला नको. ते बँकेने मागितले तर बँकेला द्या.

एक विनंती आहे. पैसे परत करायचे ठरवलेत, तर आधी बँकेतला डिस्प्यूट मान्य करा. वेगळा परतावा पाठवू नका. दोन्ही वाटांनी पैसे आले तर एकच रक्कम दोनदा जमा होईल. परतावा आधीच पाठवला असेल, तर त्याचा संदर्भ क्रमांक कळवा, म्हणजे तो मी त्याच दिवशी बँकेला देईन.

तिन्ही स्टेटमेंटची संबंधित पाने (कार्डाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकून), तिकिटाची मेल, चॅटचे स्क्रीनशॉट आणि बँकेची डिस्प्यूट पोच सोबत जोडली आहे. या पत्राची प्रत बँकेच्या डिस्प्यूट विभागालाही पाठवली आहे. उत्तर याच ईमेलवर द्यावे. लॉगिन करायला सांगणारी लिंक पाठवू नये.

आपली,
कार्डधारक
(सही)