फ्रिजच्या दारावरची चिठ्ठी : ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

आमच्या फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेली एक चिठ्ठी गेले वर्षभर होती. कामाला येणाऱ्या ताईंसाठी मीच लिहिलेली. ‘मिक्सर जास्त वेळ चालवू नका. गॅस नीट बंद करा. फ्रिजचे दार उघडे ठेवू नका.’ अशी दहा-बारा वाक्ये आणि बहुतेकांच्या शेवटी ‘नका’. आपण फार नीटनेटक्या आहोत, असे मला ती वाचताना वाटायचे.

मग एके दिवशी मिक्सर चालता चालता थांबला. मी घरी नव्हते. ताईंनी बटण दोन-तीनदा फिरवून पाहिले, आवाजही येईना. मोटर जळली आणि भरपाई पगारातून जाणार, या धास्तीने त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत. दुरुस्तीवाल्याने मिक्सर उलटा केला, तळाचे लाल बटण दाबले आणि मिक्सर सुरू झाला. भार जास्त झाला की मोटर जळू नये म्हणून ते बटण वीज तोडते. मिक्सर घेऊन चार वर्षे झाली होती, पण ते बटण मलाही ठाऊक नव्हते. माहितीपत्रक कपाटात होते, बारीक इंग्रजीत.

त्या रात्री मी चिठ्ठी नव्याने लिहायला घेतली. मिक्सरचा भाग असा झाला : ‘ताई, मिक्सर आपोआप थांबला तर आधी बटण शून्यावर आणा, प्लग काढा, भांडे उतरवा. भांड्यातले थोडे कमी करा. पाच-दहा मिनिटांनी मिक्सर थंड झाला की लाल बटण दाबा.’ हा क्रम मोडून चालत नाही. बटण चालूवर असताना लाल कळ दाबली, तर मिक्सर हातातच फिरू लागतो. गरम पातळ पदार्थाबद्दलही लिहिले, कारण बंद भांड्यात वाफ कोंडते आणि झाकण उडून अंगावर येते. तो आधी निवू द्यायचा. पूर्वी मी नुसते ‘गरम घालू नका’ लिहिले होते. ते मिक्सरच्या काळजीपोटी असेल असे ताईंना वाटले होते.

गॅसचा भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘नीट बंद करा’ यात काय आले? उतू जाऊन ज्योत विझते, बटण मात्र उघडेच राहते आणि गॅस येत राहतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. ताई सकाळी आपल्या किल्लीने बंद घर उघडतात. वास आला तर त्या काय करतील, असे विचारले. “पहिल्यांदा पंखा लावीन, वास जाईल,” त्या म्हणाल्या. मीही तेच केले असते. पण बटण दाबताना बारीक ठिणगी पडते आणि साचलेल्या गॅसला तेवढी पुरते.

म्हणून आता लिहिले आहे : ‘वास आला तर दिवा, पंखा, काहीही लावू नका आणि चालू असेल ते बंदही करू नका. फ्रिजचा प्लगही ओढू नका. दारे-खिडक्या उघडा. वास हलका असेल आणि हात पोचत असेल तर रेग्युलेटर बंद करा. वास उग्र असेल तर आत थांबू नका. बाहेर जाऊन मग फोन करा.’

फ्रिजबद्दल एवढेच, की बर्फ सुरीने खरवडायचा नाही. फ्रीझरच्या भिंतीत गॅसच्या नळ्या असू शकतात आणि बऱ्याच नव्या फ्रिजमधला तो गॅस पेट घेणारा असतो. फ्रिज बंद करून दार उघडे ठेवले की बर्फ आपोआप सुटतो. दाराच्या रबराबद्दलची माझी जुनी तक्रार मी काढून टाकली. रबर सैल झाले होते, दार लागत नव्हते आणि बोल ताईंना बसत होते.

महोदय, ही उपकरणे विकत घेते एक बाई आणि रोज हाताळते दुसरी. माहितीपत्रक पहिलीच्या कपाटात जाते. तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. धोक्याच्या चार-पाच सूचना ग्राहकाच्या भाषेत आणि चित्रांसह उपकरणावरच, न निघणाऱ्या पट्टीवर छापणे सक्तीचे करावे. दुसरे, मिक्सरचे लाल बटण तळाशी लपवू नये. तळाशीच ठेवायचे असेल, तर ‘आधी प्लग काढा’ हे दर्शनी बाजूला लिहावे.

नवी चिठ्ठी मी ताईंना वाचून दाखवली. त्यांनी एक वाक्य घालायला लावले : ‘काही बिघडले तर लगेच सांगा, पैसे कापणार नाही.’ ते सगळ्यात वर लिहिले आहे.

आपली,
एक गृहिणी