मन्या, तुझा ध सापडला

प्रिय मन्या,

तुझ्या दिवाळीच्या मेसेजला मी नुसता अंगठा दाखवला, त्याला आता सहा महिने होऊन गेले. फोन केला असता तर तू "बरंय, बरंय" म्हणून दोन मिनिटांत ठेवला असतास, म्हणून लिहायला बसलोय. तब्येत ठीक. गुडघा जुनाच, गोळी नवी. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता तिला माझ्या शर्टावरचे डाग दिसायला लागलेत. एवढंच.

गेल्या आठवड्यात एका रात्री मला तुझा ध सापडला. हसू नकोस, नीट सांगतो.

दिल्याच्या लेकीचं लग्न जूनमध्ये आहे, तुला पत्रिका आलीच असेल. संगीताच्या रात्री "बाबांच्या बँडनं" वाजवायचं, असा तिचाच हट्ट. तू येणार नाहीस, असं दिल्यानं परस्पर धरून टाकलं आणि मी तिथे गप्प बसलो. त्यावर पुढे येतोच. तर तुझ्या जागी माझा भाचा ओंकार उभा केला. पोरगा सुरेख गातो, तुझ्यापेक्षा चांगला. (हे मी १९९३ सालीही म्हणालो असतो, तेव्हा राग मानू नकोस.) दिल्या वरच्या पट्टीला, मी खाली मूळ चाल आणि गिटार, ओंकार मधे. तीन रविवार झाले, आपल्या गाण्याचा तो शेवटचा चार कॉर्डचा तुकडा काही केल्या बसत नाही. सुटं गायलं तर तिघंही सुरात. एकत्र आलो की शेजाऱ्यांनी तीन वेगवेगळे रेडिओ लावल्यासारखं.

पहिल्या रविवारी ओंकारनं शाळकरी हिशेब लावला होता. "मामा, तुमच्या सुरापासून एक सोडून पुढचा सूर माझा, माझ्यापासून एक सोडून पुढचा काकांचा." माझी चाल तुला पाठ आहे: ग, ग, म, रे. खाली कॉर्ड सी, ए मायनर, एफ, जी, म्हणजे सी हा आपला सा. आता त्याच्या हिशेबानं बघ. पहिल्या कॉर्डवर मी ग, तो प, दिल्या नि. गिटारमध्ये सा वाजतोय आणि दिल्या त्याच्या अर्धा सूर खाली नि धरून बसलाय. ऐकायला वाईट नाही, पण लग्नाच्या मांडवात एकदम धुकं पडल्यासारखं वाटतं. दुसऱ्या कॉर्डवर माझी चाल हलत नाही, म्हणून ते दोघंही हलत नाहीत; खाली कॉर्ड बदलला आणि वर तेच प आणि नि, जे ए मायनरमध्ये नाहीतच. तिसऱ्यावर म, ध, सा, हे नेमकं जुळतं. तोंडावर हसू येतं न येतं तोच चौथ्यावर रे, म, ध. जी कॉर्डमध्ये नि आहे आणि ओंकार त्याच्यावर म चढवतो. तो म आणि गिटारमधला नि एकमेकांना ओचकारतात. चारांत एक बरोबर.

तेव्हा तू काय करायचास ते मला आठवेना. म्हणजे एवढंच आठवत होतं की तू काहीच करत नव्हतास. गॅदरिंगच्या आदल्या रात्री मी तुला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "तुझा पार्ट म्हणजे एसटी कंडक्टरची डबल बेल आहे, दोनच सूर." तू चहाचा ग्लास तसाच ठेवून निघून गेलास आणि दुसऱ्या दिवशी येऊन निमूट गायलास. ते "निमूट" मला तीस वर्षं पुरलं. मला वाटलं, तुला पटलं.

त्या दिवशी माळ्यावरून ती कॅसेट काढली. रिहर्सलची, बाजूला तुझ्या अक्षरात "मिटवू नये". टेप जरा वेगात फिरते, अर्धा सूर चढी वाजते, पण ऐकता येते. त्यात शेवटी आपण तो तुकडा आधी एकेकट्यानं तीनदा म्हटलाय, मग एकत्र. मी तुझा पार्ट कागदावर उतरवला: प, ध, ध, प. खरंच दोनच सूर, गाढवा. आणि दिल्याचा: सा, सा, सा, नि. वरचा सा. पहिल्या तीन कॉर्डवर तो एकाच जागी, कारण तिन्ही कॉर्डमध्ये सा आहेच. तू प वरून एक पायरी वर ध, तिथेच थांबायचं, मग एक पायरी खाली. माझी चालही फारशी हलत नाही. कॉर्ड खालून बदलतात, आपण वर जेमतेम सरकतो आणि तरी दर वेळी पुरा कॉर्ड भरतो: ग प सा, ग ध सा, म ध सा, रे प नि. पाचवी गोष्ट नाही त्यात. दोन कॉर्डमध्ये सारखा सूर असेल तर तो ज्याच्याकडे आहे त्यानं सोडायचा नाही, बाकीच्यांनी जवळच्या घरात जायचं. तू मला हे तेव्हा या शब्दांत सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का? नसतं. मी तेव्हा गिटारची पट्टी खांद्यावर कशी दिसते त्यात होतो.

पण हे काहीच नाही. ध पुढे आहे.

तिसऱ्या कॉर्डवर आपण गिटार बंद करायचो, आठवतं? एफवर एकदम थांबायचं, नुसते तीन आवाज. कॅसेटमध्ये तिथे काहीतरी होतं. आवाज वाढत नाही, पण खोली भरते. लाटा थांबतात. तुला माहितीये त्या लाटा, दोन सूर जवळजवळ जुळले पण पुरते नाही की ती वँव-वँव थरथर येते. ती एकदम निवते आणि वर कुणीच गात नसलेला एक बारीक सूर ऐकू येतो. ओंकारकडून हे एकदाही झालं नाही.

रात्री अकरा वाजता मी तुझा एकट्याचा तुकडा फोनवरच्या ट्यूनरला ऐकवला. तीनही वेळा दुसरा ध पहिल्या ध पेक्षा किंचित खाली आहे. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर दहा-बारा भाग. टेपचं डुलणं धरलं तरी तीनही वेळा कसं? मग डोक्यात उजेड पडला. ए मायनरवर तुझा ध हाच कॉर्डचा पाया, गिटारमध्ये तोच वाजतोय, म्हणून तू गिटारला चिकटून. एफवर गिटार गेली आणि तोच ध आता माझ्या म चा गंधार झाला. गिटारचे पडदे जो गंधार देतात तो तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा शंभरातले चौदा भाग चढा असतो. तू सूर बदलला नाहीस, त्याचं नातं बदललं म्हणून तो जरासा उतरवलास. कुलकर्णी बाईंकडे तीन वर्षं तंबोऱ्यापुढे बसून जे कानात गेलं ते तू रॉकमध्ये चोरून आणलंस आणि मी त्याला डबल बेल म्हणालो.

बीटल्सच्या त्या तिघांनी १७ ऑक्टोबर १९६३ ला 'धिस बॉय' रेकॉर्ड केलं, तेव्हाही हीच मांडणी होती ना? जॉन खाली, पॉल वर, जॉर्ज मधे. तू कायम म्हणायचास, मधला ऐका, आणि आम्ही कायम पॉल ऐकायचो. आता ऐकतोय. जॉर्जला वेगळा ऐकू म्हटलं तर सापडत नाही, आणि मनातल्या मनात त्याला काढून टाकलं तर नुसता वर-खालचा सांगाडा उरतो. १९६९ च्या 'बिकॉज'मध्ये तर तिघांनी आपापला पार्ट तीनदा गाऊन एकावर एक चढवला, नऊ आवाज. त्याची नुसत्या आवाजांची आवृत्ती 'अँथॉलॉजी ३' वर आहे, वाद्यांशिवाय. रात्री दिवे घालवून ऐक. वहिनींना सांग मी सांगितलंय.

ओंकारची अडचण मात्र वेगळीच निघाली. त्याला प ध ध प दिला, पाच मिनिटांत पाठ. तरी एकत्र गाताना तो माझ्या चालीत घसरतो. वरच्याला एकच शेजारी असतो, मधल्याला दोन्हीकडून ओढ. तो घसरला की लगेच कळतं: रेकॉर्डिंगमध्ये तिघांऐवजी दोघंच गातायत असं वाटतं आणि माझा आवाज उगाच जाड होतो. मग मी पुढचे दोन दिवस गायलोच नाही. नुसते ओंकार आणि दिल्या, मधला आणि वरचा, चालीशिवाय. कसंतरीच वाटतं, चटणीशिवाय वडापाव, पण तो पार्ट त्याची स्वतःची चाल होतो. मग मी अगदी हळू आवाजात घुसलो. आता दहात सातदा टिकतो.

दुसरं, तो मींड घेतो. प वरून ध वर सुंदर घसरत जातो. एकट्यानं ऐकलं तर मी वाहवा देईन. पण दिल्या स्थिर आणि मधला वाटेत, म्हणजे तेवढा वेळ कॉर्डच नाही. शिवाय ओळीच्या शेवटी "रात" मधला त तिघं तीन वेळा टाकतात, त-त-त, मांडवात फटाके. आपण तो त फक्त माझ्याकडे ठेवला होता, तुम्ही दोघं नुसतं "रा" सोडून द्यायचात. हेही कॅसेटवरूनच कळलं. दिल्या म्हणतो हे मीच सुचवलं होतं. थापा.

आणि तो एफवरचा उतरता ध ओंकारला जमत नाही. सांगितलं की फारच खाली जातो, मग ते रडकं वाटतं. कानानं यायला हवं ते, सांगून येत नाही. दिल्याचं म्हणणं, गिटार चालू ठेव आणि विषय संपव. बरोबर आहे, गिटार वाजत असताना तो फरक कुणाला कळणार नाही, उलट गिटारशी भांडेल. पण मग तो थांबा जातो, आणि त्या गाण्यात तेवढीच एक जागा आहे जिथे माझ्या अंगावर काटा येतो. यावरून दिल्या आणि मी काल व्हॉट्सअॅपवर भांडलो. पन्नाशीतल्या माणसांनी रात्री बाराला "एफ वर थांबायचं की नाही" यावरून! वहिनी दिल्याला काय म्हणाल्या ते लिहीत नाही.

तू नागपूरला नीट आहेस ना? बदलीचं काय झालं? अनन्याचा निकाल लागला असेल, कळव. घराचा हप्ता संपला का, की अजून दोन वर्षं?

तर गुन्ह्याचं. दिल्या म्हणाला, "मन्या काही येत नाही," तेव्हा मी "विचारून तरी बघ" एवढंही म्हणालो नाही. मला वाटलं, तू आलास तर ती डबल बेल निघेल. आता ती मीच काढलीये, तेव्हा तो प्रश्न मिटला. कार्यक्रम १४ जूनला संध्याकाळी. आलास तर मधे उभा राहा, ओंकार तुझ्या बाजूला, तो तुझ्याच कानात बघेल. नाही जमलं तर निदान एवढं कर: फोनवर प ध ध प म्हणून पाठव. एकदा मी गातोय असं मनात धरून, आणि एकदा एफवर सगळे गप्प झालेत असं धरून. पंधरा सेकंदांचं काम आहे. पंख्याखाली बसून रेकॉर्ड करू नकोस, मागच्या वेळी नुसता पंखाच आला होता.

तुझा,
संज्या