ओंकारच्या चॅटबद्दल, सविस्तर

प्रिय मीनल,

तुझा मेसेज वाचला. फोनच करणार होते, पण यातल्या काही गोष्टी तुला क्रमानं कराव्या लागतील. फोनवर ऐकलेलं अर्धं विसरायला होतं, म्हणून लिहिते आहे.

तू ओंकारचा फोन हातात असताना त्याचं व्हॉट्सअ‍ॅप तुझ्या लॅपटॉपला जोडलंस आणि त्याला न सांगता वाचत बसलीस. यावर मी तुला रागावणार नाही. शाळेत समुपदेशनाचं काम करताना अशा आया मला सतत भेटतात. तुला मिळालेल्या तीन गोष्टींपैकी दोन मात्र तू इथेच विसरून जा. एक, ग्रुपवरच्या सरांच्या नकला आणि शिव्या; दुसरी, ती वर्गातली मुलगी. यातलं काहीही धोक्याचं नाही. त्या मुलीनं तिच्या घरातलं जे काही त्याला लिहिलंय, ते तर तिचं आहे गं. चॅट फक्त आपल्या मुलाचं नसतं, पलीकडेही कुणाचं तरी लेकरू असतं. ते नवऱ्याला, सुहासलाही सांगू नकोस आणि पुढे कधी भांडणात तोंडातून निसटू देऊ नकोस.

तिसरी गोष्ट वेगळी आहे. गेममध्ये ओळख झालेला, स्वतःला सोळा वर्षांचा म्हणवणारा तो नंबर. तू पाठवलेल्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. भाषा गोड आहे, त्यात अश्लील काहीच नाही, म्हणून तू स्वतःला समजावते आहेस की मी उगाच घाबरतेय. पण शब्दांपेक्षा क्रम बघ. आधी गेममधल्या वस्तू भेट दिल्या. मग ‘इथे नको, व्हॉट्सअ‍ॅपवर ये’. तिथे आल्यावर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू केली, तीही 24 तासांची. मग ‘रात्री घरी कोण कोण असतं’, ‘तुझी खोली वेगळी आहे का’, आणि परवा ‘चेहरा दाखव ना, कुणाला सांगू नकोस’. एकेकटी ओळ कुठलाही मित्र लिहील. भेट, जागा बदलणं, पुरावा पुसणं, घरची चौकशी आणि गुपित हे सगळं एका माणसाकडून, या क्रमानं आलं, की थांबायचं नाही. मुलांना जाळ्यात ओढणारी माणसं असंच करतात. तो खरंच सोळा वर्षांचा असेलही. तरी करायचं तेच.

24 तासांचा टायमर चालू आहे, म्हणजे आज दिसतंय ते उद्या दिसणार नाही. म्हणून आजच स्क्रीनशॉट घे. त्यात नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नुसत्या ओळी कापून घेतल्या तर त्या कुणाच्या हे पुढे सिद्ध करता येत नाही. गेममधलं त्याचं टोपणनावही लिहून ठेव. एक अपवाद लक्षात ठेव: ओंकारनं कपड्यांविना वगैरे फोटो पाठवलेला निघाला, तर त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढायचा नाही, कुणालाही पाठवायचा नाही, मलासुद्धा नाही. अल्पवयीन मुलाचं असं चित्र जवळ ठेवणं किंवा पुढे पाठवणं हा बहुतेक ठिकाणी गुन्हा ठरतो, हेतू कितीही चांगला असला तरी. तो फोनमध्ये आहे तसाच राहू दे आणि पोलिसांना तसंच सांग.

ओंकार बनून त्याला उत्तर द्यायचा मोह होईल. देऊ नकोस. तू पोलीस नाहीस आणि समोरच्याला संशय आला की तो गायब होतो किंवा मुलाला धमकावतो. स्क्रीनशॉट झाले की आधी रिपोर्ट, मग ब्लॉक. रिपोर्ट केल्यावर त्यानं पाठवलेले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात आणि त्याला त्याची सूचना जात नाही. पण रिपोर्ट आणि ब्लॉक ओंकारच्या हातून, तू शेजारी बसून, त्याच्याच फोनवर.

म्हणजे त्याला सांगावं लागणार. हेच तुला नको आहे, मला माहीत आहे. ‘सहज फोन बघितला आणि दिसलं’ अशी थाप मारू नकोस. सेटिंग्जमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तुझा लॅपटॉप त्यात शेवटच्या वापराच्या वेळेसकट दिसतो. तेरा वर्षांच्या पोराला ती यादी ठाऊक नसेल असं समजू नकोस! सरळ म्हण, ‘मी तुझं चॅट तुला न सांगता वाचलं, ते चुकलं. लॅपटॉप आत्ता तुझ्यासमोर काढून टाकते. पण त्यात एक माणूस दिसला, त्याच्याबद्दल आपल्याला आज बोलायलाच हवं.’ मग विचार, ‘त्यानं काही मागितलं का? तू काही पाठवलंस का? पाठवलं असलंस तरी मी रागावणार नाही.’ शेवटचं वाक्य पाळता येणार असेल तरच बोल.

एका मुलाची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपतच. त्याची आई रोज त्याचं व्हॉट्सअ‍ॅप वाचायची आणि निर्धास्त होती. प्रकार घडला तो गेमच्या आतल्या चॅटमध्ये, जिथे ती कधी गेलीच नव्हती. फोटो गेला, पाठोपाठ पैशांची मागणी आली. त्यानं साठवलेले पैसे दिले, तर मागणी वाढली. एकदा दिले की वाढतेच. तो घरी बोलला नाही, कारण वाचणारी आई त्याला पहारेकरी वाटत होती. बोलला तो वर्गशिक्षिकेजवळ. पुढे आम्ही ‘टेक इट डाउन’ या सेवेचा उपयोग केला. ती 18 वर्षांखालच्या मुलांच्या अशा फोटोंसाठीच आहे आणि मोफत आहे. फोटो कुठे अपलोड होत नाही. त्याच फोनवर त्याचा एक अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून काढून टाकतात. बंद खासगी चॅटमधून मात्र तो निघत नाही, ही मर्यादा आहे.

पुढे काय, हे तू विचारलंस. माझं मत असं: कुणाशी बोलतो हे तुला कळावं, काय बोलतो हे नाही. इन्स्टाग्रामची पालक-देखरेख नेमकी एवढंच दाखवते, गेल्या सात दिवसांत मुलानं कुणाला मेसेज केले ते, मजकूर नाही. व्हॉट्सअ‍ॅपसाठी दोघं मिळून ठरवा: नवा अनोळखी नंबर आला की तो तुला सांगणार, रात्री फोन खोलीबाहेर राहणार. आणि मजकूर तू कधी उघडशील तेही आधीच ठरव: धमकी, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, मोठ्या माणसाशी गुपित. तेव्हाही त्याला सांगून, त्याच्यासमोर. पंधराव्या वर्षी हा करार पुन्हा बघायचा, तेव्हा काही अटी गळतील.

एक राहिलं. सुहासला हे आज ओंकारच्या आधी सांग, आणि एकट्याला गाठून. त्याचा संताप मला माहीत आहे. रागाच्या भरात त्यानं फोन फॉरमॅट केला किंवा त्या नंबरला फोन लावून शिव्या घातल्या, तर हातात काही उरणार नाही. त्याला वाटलं तर माझ्याशी बोलू दे, मी रात्री उशिरापर्यंत जागी आहे.

तुझी,
वैशाली