अ‍ॅपमधील ‘स्वयंपूर्णता १०० टक्के’ या चुकीच्या आकड्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपण आमच्या छतावर बसवलेली सौर यंत्रणा व्यवस्थित चालते. तक्रार आहे ती आपल्या अ‍ॅपबद्दल. गेल्या महिन्यात त्यात ‘स्वयंपूर्णता १०० टक्के’ असं दिसत होतं, आणि त्याच अ‍ॅपच्या पुढच्या पानावर ग्रिडमधून घेतलेली वीज २०४ युनिट! दोन्ही खरं कसं असेल?

मी वहीत हिशेब मांडला. निर्मिती ३६० युनिट, त्यातली २३४ ग्रिडला गेली. म्हणजे घरात थेट वापरली गेली फक्त १२६. त्यात ग्रिडची २०४ मिळवली की घराचा एकूण वापर ३३० होतो. १२६ ला निर्मितीने भागलं तर स्ववापर ३५ टक्के येतो, एकूण वापराने भागलं तर स्वयंपूर्णता ३८ टक्के. आपलं अ‍ॅप मात्र ३६० ला ३३० ने भागतं आणि उत्तर शंभरावर गेलं की शंभरावर थांबतं. दुपारी तयार झालेली वीज रात्रीच्या दिव्यांना पुरली, असंच त्यात गृहीत धरलेलं आहे. आमच्याकडे बॅटरीच नाही.

या आकड्यामुळे आमचं नुकसान झालं. सगळं उत्तम चाललंय असं समजून आम्ही कित्येक महिने गीझर पहाटे सहाला लावत राहिलो, तेव्हा पॅनेलवर ऊनही नसतं. खरा हिशेब कळल्यावर गीझरला टायमर लावून तो सकाळी अकराला आणला. टाकीतलं पाणी दुसऱ्या सकाळी आंघोळीपुरतं गरम राहतं. या महिन्यात निर्मिती आणि वापर जवळजवळ तेवढेच आहेत, पण ग्रिडला गेलेली वीज २३४ वरून १८४ वर आली. स्ववापर ४९ टक्के, स्वयंपूर्णता ५३ टक्के. ढगाळ दिवशी गीझरला थोडी वीज ग्रिडची लागतेच, नाहीतर फरक आणखी दिसला असता. आपल्या अ‍ॅपमध्ये मात्र आकडा जिथल्या तिथे, १०० टक्के.

स्ववापर कमी असल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी आणखी दोन पॅनेल बसवायला सुचवलं. हा सल्ला मला अजिबात पटलेला नाही. नवीन पॅनेलची बहुतेक वीज भर दुपारीच येणार, आणि तेव्हाची वीज आधीच आमच्याकडून बाहेर जाते आहे. छेद वाढेल, अंश जेमतेम हलेल. स्ववापर आणखी खाली जाईल आणि संध्याकाळची गरज तशीच राहील.

माझ्या मागण्या अशा : स्वयंपूर्णता थेट वापरलेल्या सौर विजेवरून काढावी, स्ववापराचा आकडा तिच्या शेजारीच दाखवावा, आणि मागच्या महिन्यांचे आकडेही दुरुस्त करून द्यावेत. तासागणिक निर्मिती आणि वापर एकाच आलेखात दिसला, तर कोणतं उपकरण कधी लावायचं ते आमचं आम्हाला ठरवता येईल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं.

आपली,
एक ग्राहक