नळीच्या तळाशी काय बसलं ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘लघवीचा रंग सांगतो तब्येत’ हा लेख आला. त्याखाली रंगांची पट्टी छापली होती आणि शेवटच्या काळपट तपकिरी चौकोनापुढे लिहिलं होतं : ‘पाणी कमी पडतंय, दिवसाला तीन लिटर प्या.’ मी तो लेख काल दोनदा वाचला. रात्री झोप लागली नाही म्हणून आज लिहायला बसले आहे. एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत लघवीच्या नळ्या फिरवल्या, आणि त्याच चौकोनाच्या रंगाने माझ्या धाकट्या बहिणीचं यकृत जायची वेळ आणली.

बहीण शाळेत शिकवते. 2018 साली, तेहतिसाव्या वर्षी, तिला जिना चढताना धाप लागू लागली. हिमोग्लोबिन 7.8 आलं. गावातल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या पोटाला मानवेनात म्हणून सलाइनमधून लोह दिलं. त्यानंतर आठवड्याभरात तिचा फोन आला : “ताई, सकाळची पहिली लघवी काळ्या चहासारखी होते गं. दुपारपर्यंत नितळ होते. मला वाटलं इंजेक्शनचा रंग उतरतोय.” मलाही तसंच वाटलं. तुमच्या लेखकाला दोष देताना माझी ही चूक मी लपवत नाही.

तपासणीला ती शाळा सुटल्यावर, संध्याकाळी गेली. साहजिकच लघवी फिकी होती. तरीही लघवीत बुडवायच्या तपासपट्टीवर रक्त ‘तीन प्लस’ आलं, आणि खाली सूक्ष्मदर्शकाच्या रकान्यात लाल पेशी ‘0-1’. पट्टी म्हणते रक्त भरपूर, सूक्ष्मदर्शक म्हणतो पेशीच नाहीत. अशा दोन ओळी एकाच कागदावर आल्या की हात थांबला पाहिजे. त्या लॅबमध्ये कुणाचा थांबला नाही. कागद सही होऊन गेला. डॉक्टरांनी वरची ओळ वाचली, पाळी कधी आली होती ते विचारलं, मग मुतखडा म्हणून सोनोग्राफी केली. खडा नव्हता. अँटिबायोटिक आणि ‘भरपूर पाणी प्या’. संपादक महाराज, तुमच्या चौकोनातलं हेच ते वाक्य.

पट्टीला लाल पेशी दिसत नाहीत, तिला हिमोग्लोबिन कळतं. ते पेशीच्या आत असो की पेशी फुटून मोकळं झालेलं असो, पट्टी हिरवी-निळीच होते. फरक कळायला मोठं यंत्र लागत नाही. ताजी लघवी नळीत घ्या आणि पाच मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. खडा, जंतुसंसर्ग किंवा मूत्रपिंडातून आलेलं रक्त असेल तर लाल पेशी तळाशी बसतात आणि वरचं पाणी पिवळं होतं. मोकळं हिमोग्लोबिन असेल तर तळाशी काही बसत नाही, नळी वरपासून खालपर्यंत तशीच काळपट राहते. यालाही मर्यादा आहेत. नमुना चार-पाच तास तसाच ठेवला किंवा लघवी फार पातळ असली तर पेशी नळीतच फुटतात आणि फसगत होते. अतिश्रमाने किंवा मार लागून स्नायू फुटले तरी लघवी अशीच दिसते, मात्र तेव्हा रक्तातला पिवळा द्रव स्वच्छ असतो आणि स्नायूंतून येणारं सीपीके हे एंझाइम वाढलेलं असतं. मलेरियात होतं, लाल पेशींना जपणारं जी6पीडी एंझाइम कमी असलेल्या माणसाला चुकीची गोळी दिली तर होतं. म्हणजे काळी नळी दिसली की हाच आजार, असं मी म्हणत नाही. पण लाल पेशी किंवा स्नायू अंगातच फुटत आहेत हे ती नळी सांगते, आणि ‘पाणी प्या’ हे त्याचं उत्तर नाही.

बहिणीच्या आजाराचं नाव पॅरोक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया. नाव लांब आहे म्हणून सगळे पीएनएच म्हणतात. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची फौज असते. ती जंतूंच्या कवचाला भोकं पाडते. आपल्या स्वतःच्या लाल पेशी तिच्या तडाख्यातून वाचतात, कारण त्यांच्या अंगावर सीडी55 आणि सीडी59 नावाच्या दोन ढाली असतात. या ढाली पेशीच्या पृष्ठभागावर एका छोट्या नांगराने रोवलेल्या असतात. हाडांच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या मगजातल्या एखाद्या मूळ पेशीतलं ‘पिगा’ जनुक बिघडलं की हा नांगर तयार होत नाही, आणि त्या एका पेशीपासून निघालेल्या सगळ्या पेशी ढालीविना जन्मतात. हा बिघाड आईबापांकडून येत नाही, जन्मानंतर होतो. माझ्या आईने दोन वर्षं स्वतःच्या माहेरचा दोष शोधला, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

लोहाचं इंजेक्शन दिल्यावर लघवी काळी का झाली, तेही यातच आहे. लघवीतून रोज हिमोग्लोबिन वाहून जात होतं, त्याच्यासोबत लोहही, म्हणून अंगातलं लोह खरंच कमी होतं. लोह मिळताच मगजाने नव्या लाल पेशी भराभर सोडल्या. त्यातल्या बऱ्याच ढालीविना होत्या, आणि त्या एकदम फुटल्या. लोह देणं चूक नव्हतं. ते कुठून जातंय हे कुणी विचारलं नाही, ही चूक.

आणि ते ‘नॉक्टर्नल’! 1882 साली जर्मनीत पॉल श्ट्रुबिंग या डॉक्टरांनी गाड्या बनवणाऱ्या एका तरुण कारागिराची हकिकत लिहिली, त्याची लघवी सकाळी काळी होत असे. झोपेत रक्त किंचित आम्ल होतं म्हणून पेशी फुटत असाव्यात, असा त्यांचा कयास होता. ते ‘रात्रीचं’ नाव अजून चिकटून आहे. प्रत्यक्षात पेशी दिवसभर फुटत असतात. रात्रभर साठलेली लघवी घट्ट असते म्हणून सकाळी रंग उठून दिसतो. बऱ्याच रुग्णांची लघवी तर सुरुवातीला काळी झालेलीच नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या डॉक्टरांपुढे मी स्वतः पीएनएचचं नाव काढलं. ते बहिणीला म्हणाले, “रोज रात्री होते का? नाही ना? मग ते नाही.” एका विशेषणाने आमचे चार महिने गेले.

या चार महिन्यांत डोळे पिवळे झाले. बिलिरुबिन 2.9, त्यातलं बहुतेक इनडायरेक्ट, म्हणजे पेशी फुटल्यावर वाढणारं. घरच्यांनी कावीळ म्हणून पथ्य सुरू केलं. पेशी फुटत असल्याचा संशय एका तरुण डॉक्टरांना आला, त्यांनी लाल पेशींवर अँटिबॉडी चिकटल्यात का ते पाहणारी कूम्ब्स टेस्ट केली आणि ती निगेटिव्ह आली. इथे ती निगेटिव्हच येते, कारण हा अँटिबॉडीचा खेळ नाही. पण निगेटिव्ह आली म्हणून पेशी फुटण्याचाच विचार सोडून दिला गेला. पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एलडीएच तपासायला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी मीच नमुना माझ्या लॅबमध्ये लावला : 1,840. आमच्या यंत्रावर 250 पर्यंत ठीक धरतात. तो छापून आलेला आकडा हातात घेऊन मी खुर्चीत बसले ते आठवतं. मी सेंट्रिफ्यूज लावला, सकाळची नळी काढली, खिडकीसमोर धरली. तळाशी काहीच नव्हतं.

उशीर झाला होता. त्याच आठवड्यात उजव्या बरगडीखाली दुखू लागलं आणि सहा दिवसांत पोट इतकं फुगलं की साडीची निरी बसेना. शेजारणींनी गोड बातमी आहे का विचारलं. डॉपलर सोनोग्राफीत यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या तिन्ही शिरा गुठळ्यांनी बंद दिसल्या. याला बड-चियारी म्हणतात. माणसं गुठळी म्हटली की पायातली किंवा हृदयातली समजतात. पीएनएचमध्ये ती यकृताच्या, आतड्यांच्या, मेंदूच्या शिरांतही होते, जिथे सहसा कुणी शोधत नाही. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन रक्तवाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं, आणि ढालीविना प्लेटलेट्सही त्याच फौजेच्या माऱ्याने चेकाळतात. या आजारात माणूस रक्त कमी होऊन जाईल ही भीती असते, पण सर्वांत जास्त जीव गुठळ्याच घेतात.

मुंबईला नेल्यावर फ्लो सायटोमेट्री झाली, म्हणजे किती पेशींवर ढाली नाहीत ते मोजलं. लाल पेशींतल्या 31 टक्के ढालीविना, पांढऱ्या ग्रॅन्युलोसाइट्समधल्या 84 टक्के. पहिल्या आकड्याने धीर धरू नये, कारण ढालीविना लाल पेशी फुटून गेलेल्या असतात आणि तिला आधीच दोन बाटल्या रक्त दिलेलं होतं. खरा आकडा पांढऱ्या पेशींचा. शिरेत स्टेंट बसवला, रक्त पातळ करायचं औषध जन्मभराचं लागलं. कॉम्प्लिमेंटला रोखणारं इंजेक्शन, इक्युलिझुमॅब, अमेरिकेत 2007 साली मंजूर झालं. त्याने पेशी फुटणं बरंच थांबतं आणि गुठळ्याही खूप कमी होतात. ते शिक्षिकेच्या पगारात बसत नाही. प्रत्यारोपणासाठी माझा मगज तिच्याशी जुळतो का तेही पाहिलं, जुळला नाही. आज ती शाळेत जाते, फॉलिक ॲसिड घेते, रक्त किती पातळ आहे ते बघायला दर महिन्याला पीटी-आयएनआर करते आणि दोन-तीन महिन्यांनी रक्त घेते.

रक्तावरून आठवलं, तेही लिहिते. तुमच्या अंकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या रक्तदान शिबिरांचे फोटो पाऊण पान येतात. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात, आणि गेल्या मे महिन्यात आम्ही एका बाटलीसाठी तीन रक्तपेढ्या फिरलो. ती बातमी मी तुमच्याकडे पाठवली होती. आली नाही.

लेखाचा खुलासा पुढच्या रविवारी, त्याच पानावर, त्याच आकारात छापावा. तपकिरी चौकोनापुढे एवढंच हवं : सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन तासाभरात लॅबमध्ये न्या, आणि पट्टीवर रक्त येऊन पेशी दिसल्या नाहीत तर डॉक्टरांना एलडीएच विचारा. सोबत दोन नळ्यांचा फोटो पाठवते आहे. डावीकडची मुतखड्याच्या एका रुग्णाची, तळाशी लाल थर आहे. उजवीकडची माझ्या बहिणीची, सकाळी सहा वाजताची. तिला विचारूनच पाठवते आहे. नाव मात्र कुणाचंच छापू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
सांगली