बिझनेस क्लासची बोली लावण्याआधी

टोरांटो

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

इकडे यायचं तिकीट काढल्याबरोबर विमान कंपनीचा ‘बोली लावा, वरच्या वर्गात बसा’ असा मेल आला, तो तुम्ही मला पाठवलात. त्यावर लगेच काही भरू नका. मेलमधली सर्वांत कमी बोली स्वस्त वाटते, कारण ती एका माणसाची आणि एकाच टप्प्याची असते. तुम्ही दोघं आहात आणि जाऊन-येऊन चार टप्पे आहेत, म्हणजे आकडा आठपट होतो.

हिशोब असा मांडा. समजा, साधं इकॉनॉमीचं परतीचं तिकीट माणशी ९५,००० आणि प्रीमियम इकॉनॉमीचं १,५५,०००. फरक ६०,०००. प्रीमियमसाठी किमान बोली टप्प्याला १५,००० असेल, तर चार टप्प्यांचे ६०,०००च झाले. तेवढ्याच पैशांत सरळ तिकीट घेतलं तर जागा आजच पक्की होते. शिवाय बोलीने जागा मिळाली तरी तिकिटाचे नियम मूळचेच राहतात. माइल्स आणि तिकीट बदलण्याचे पैसे हे साधारणपणे इकॉनॉमीप्रमाणेच. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या तारखांचे खरे आकडे घालून हीच वजाबाकी करा.

माइल्स वापरून वरचा वर्ग घ्यायचं म्हणाल, तर ते कमी पडतात की पुरतात हा नंतरचा प्रश्न. आधी तिकिटावर भाड्याचं एक इंग्रजी अक्षर असतं ते पाहा. सर्वांत स्वस्त भाड्यांच्या अक्षरांवर बहुधा माइल्सने वरचा वर्ग मिळतच नाही. आणि अक्षर चाललं तरी माइल्सवाल्यांसाठी वेगळ्या राखलेल्या जागा मोजक्या असतात. त्या संपल्या की प्रतीक्षायादी. तुमचे माइल्स म्हणजे एअर इंडियाच्या महाराजा क्लबचे पॉइंट्स आहेत आणि तिकीट लुफ्तान्साचं. दोन्ही कंपन्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असल्या तरी दुसऱ्या कंपनीच्या विमानात वरचा वर्ग मागायला महागडं भाडं लागतं, तुमच्यासारखं स्वस्त नाही. ते पॉइंट्स तसेच राहू देत, पुढे दिल्लीला जाताना कामी येतील.

माझं मत स्पष्ट आहे. गुडघ्यामुळे पाय लांब करायला जागा हवीच आहे, तेव्हा नशिबावर सोडू नका. तिकीट बदलायचे पैसे धरूनही परवडत असेल, तर प्रीमियम इकॉनॉमी विकतच घ्या. मग बोली लावायची ती फक्त मुंबई–फ्रँकफर्टवर, तीही बिझनेससाठी. ते विमान मध्यरात्रीनंतर सुटतं, नऊ तासांच्या आसपास लागतात, आणि आडवं झोपता आलं तर त्याचा खरा उपयोग तिथेच. पुढचा टप्पा दिवसाचा आहे.

बोली किती? निघायच्या आठवडाभर आधी कंपनीच्या साइटवर त्याच विमानाचं बिझनेसचं तिकीट शोधा, पण प्रवासी नऊ टाका. नऊ जणांना तिकीट दाखवलं, तर अजून निदान तेवढ्या जागा विकायच्या आहेत, किमान बोलीच्या जरा वर थांबा. चार जणांनाच मिळत असेल, तर आशा कमी. जागांच्या नकाशावरून अंदाज बांधू नका. तिकीट विकलेलं असूनही ज्यांनी जागा निवडलेली नाही, त्या खुर्च्या तिथे मोकळ्या दिसतात. बोलीच्या पट्टीवरचा काटा लाल-हिरवा होतो त्यालाही फार भुलू नका, तो फक्त रकमेचा जोर दाखवतो, रिकाम्या जागा नाही.

बोली मुदतीपर्यंत बदलता किंवा मागे घेता येते. मुदत मेलमध्ये लिहिलेली असते. एकदा मंजूर झाली की मात्र रद्द होत नाही. पैसे मंजुरीनंतरच कापले जातात, म्हणून कार्डावर परदेशी व्यवहार चालू ठेवा आणि मर्यादा पुरेशी आहे ना बघा. नाहीतर मंजूर होण्याच्या वेळीच व्यवहार अडकतो. परकीय चलनात रक्कम असेल तर बँक वर आपलं शुल्क लावते, तेही धरा. तुमचं दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर आहे, त्यामुळे साधारणपणे दोघांनाही मिळेल किंवा कुणालाच नाही. आईला एकटीला मागे बसावं लागेल ही काळजी नको.

मंजुरीचा मेल आला की त्याच दिवशी बुकिंग उघडून तीन गोष्टी तपासा: शेजारच्या दोन जागा, शाकाहारी जेवण आणि व्हीलचेअर. वर्ग बदलताना आधीची जागा सुटतेच, जेवणाची नोंदही कधी गळते. इकडून बघायला पीएनआर आणि आडनाव एवढंच मला व्हॉट्सअॅपवर टाका, म्हणजे मीही बघेन. कार्डाचा नंबर मात्र पाठवू नका.

आईला नमस्कार.

तुमची,
वैशू