पाळीचे दिवस मोजताना

प्रिय सई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मागच्या वेळी सत्तावीस दिवसांनी आली होती, या वेळी तेवीसच दिवसांत आली." तेव्हाच मी तुला डायरीच्या पानांचे फोटो पाठवायला सांगितलं. ते पाहिले आणि जीव भांड्यात पडला. तुझ्या पाळीत काही बिघडलेलं नाही, मोजण्यात चूक झाली आहे. पण ही चूक इतक्या जणींकडून होते की नुसतं "काळजी करू नकोस" म्हणून सोडून द्यावंसं वाटेना.

तू रक्तस्राव थांबल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस मोजलेस. २ एप्रिलला पाळी आली, पाच दिवस राहिली, आणि ७ तारखेपासून ३० एप्रिलपर्यंत तुला तेवीस दिवस दिसले. पण चक्र पाळी थांबल्यावर सुरू होत नाही, ते पाळीच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू होतं. या पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत किती दिवस गेले, एवढंच बघायचं. २ एप्रिल ते ३० एप्रिल म्हणजे अठ्ठावीस दिवस. ३० एप्रिल हा पुढच्या चक्राचा पहिला दिवस, म्हणून तो या चक्रात धरायचा नाही. दोन्ही टोकं धरली की दर वेळी एक दिवस उगाच वाढतो.

पहिला दिवस कोणता, हाही प्रश्न आहे. तुझ्या पानावर ३१ जानेवारीला खूण आहे आणि शेजारी "थोडे तपकिरी डाग" असं लिहिलंय. खरा लाल स्राव, पॅड लावावं लागलं तो, २ फेब्रुवारीला सुरू झाला. नुसते डाग पडले तर तो पहिला दिवस नाही, स्राव नीट सुरू होतो तो पहिला दिवस. डाग दिसले तर वेगळ्या खुणेने नोंदव, ते पुढे उपयोगी पडतं. पण मोजणी २ तारखेपासूनच कर. ३१ जानेवारी धरली असतीस तर एकाच चुकीने दोन चक्रं बिघडली असती, आधीचं दोन दिवसांनी आखूड झालं असतं आणि नंतरचं दोन दिवसांनी लांब.

आता तुझ्या पाळ्या नीट मांडते: ४ जानेवारी, २ फेब्रुवारी, १ मार्च, २ एप्रिल, ३० एप्रिल. मधली अंतरं निघतात २९, २७, ३२ आणि २८ दिवस. सरासरी बरोबर २९. पण मला सरासरीपेक्षा सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड चक्रातला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. तुझा फरक पाच दिवसांचा आहे. मोठ्या बाईचं चक्र २४ ते ३८ दिवसांत कुठेही असलं तरी ते नेहमीचंच मानतात, आणि १८ ते २५ या तुझ्या वयात लांब-आखूड चक्रांत नऊ दिवसांपर्यंत फरक चालतो. पुढे सव्वीस ते एक्केचाळीस या वयात तो सात दिवसांपर्यंत धरतात. अठ्ठावीस हा फक्त मधला, सोयीचा आकडा आहे, दर वेळी तेवढेच दिवस भरायला हवेत असा नियम नाही. आणि महिन्याच्या त्याच तारखेची वाट तर बघूच नकोस, कारण महिनेच सारखे नसतात.

मार्चमधलं ते बत्तीस दिवसांचं चक्र तुझ्या मनात रुतलंय, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात अंडाशयात बीज तयार होतं आणि बाहेर पडतं, त्याला ओव्ह्युलेशन म्हणतात. दुसरा भाग बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा. हा दुसरा भाग बहुतेक जणींचा साधारण बारा ते चौदा दिवसांचा असतो आणि फारसा हलत नाही. पुढे-मागे होतो तो पहिला भाग. १ मार्चच्या पाळीनंतर आठवड्याभरात तू तापाने पडली होतीस, आठवतंय? नेमक्या त्याच दिवसांत बीज वाढत असतं. शरीर आजारी असलं, खाणं-झोप बिघडली, परीक्षेचा ताण आला, वजन झपाट्याने उतरलं, की ते काम रेंगाळतं. बत्तीसातून चौदा वजा केले तर तुझं बीज अठराव्या दिवसाच्या आसपास सुटलं असणार. म्हणजे पाळी "अडकली" नव्हती, बीजच उशिरा निघालं होतं. हाच ताप बीज निघून गेल्यावर आला असता तर पाळी बहुधा वेळेवर आली असती.

मोबाइलमधलं अ‍ॅप "पाळीला तीन दिवस उशीर" असं दाखवतं तेव्हा हे लक्षात ठेव. बीज कधी सुटलं हे त्याला माहीत नसतं, ते फक्त मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं. आणि पुढे कधी गर्भनिरोधक गोळ्या चालू केल्यास तर त्या काळातला रक्तस्राव या हिशेबात धरू नकोस. तो पाकिटातल्या गोळ्या मध्ये काही दिवस थांबवल्याने येतो, तुझ्या चक्रामुळे नाही.

मग लक्ष कधी द्यायचं? हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. तू प्राथमिक शाळेत होतीस तेव्हा माझी पाळी आधी पस्तीस, मग चव्वेचाळीस, मग बावन्न दिवसांवर गेली. "दगदग आहे, होतं असं" म्हणत मी वर्ष काढलं. डॉक्टरांनी मागच्या तीन तारखा विचारल्या तर मला एकही सांगता येईना. रक्त तपासल्यावर थायरॉइड कमी निघालं, गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत चक्र परत तिशीच्या आसपास आलं. तारखा लिहून ठेवल्या असत्या तर ती चढण मलाच दिसली असती. एखादं चक्र वेडंवाकडं गेलं तर थांबून बघावं, पण एकाच दिशेने सरकत चाललेली चक्रं थांबून बघण्यासारखी नसतात.

तुझ्यासाठी सांगायचं तर, लागोपाठ दोन-तीन चक्रं चोवीसच्या खाली किंवा अडतीसच्या वर गेली, किंवा फरक नऊ दिवसांपेक्षा जास्त होऊ लागला, तर डॉक्टरांकडे जा. तीन महिने पाळीच आली नाही तर वाट बघत बसू नकोस. थायरॉइड, पीसीओएस, अतिव्यायाम, कमी खाणं, कारणं बरीच असतात आणि ती तपासूनच कळतात. दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी टेस्ट कर आणि मला सांगायला लाजू नकोस. पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली तर त्याच वेळी दवाखाना गाठ.

अंतर ठीक असलं तरी आठ दिवसांपेक्षा जास्त रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसणं, किंवा तासाला एक पॅड पूर्ण भिजणं आणि ते दोन-तीन तास तसंच चालणं, हेही दाखवायला हवं. त्यातलं शेवटचं तर लगेच.

तुझी पुढची पाळी २७ मे ते १ जून यांच्या दरम्यान कधीही आली तरी ती तुझ्या नेहमीच्या अंतरातच असेल, आणि त्यानंतर दोन-चार दिवस गेले तरी घाबरू नकोस. आली की पहिल्या दिवशीची तारीख लिही आणि मला कळव.

तुझी,
आई